वन वे कॅब बुक करताय? मग परतीच्या रिकाम्या गाडीचा हिशोब आधी बघून घ्या

परवा मावसभावाचा फोन आला, भडकलेला होता. पुण्याहून कोल्हापूरला एकट्यानेच जायचं, सामान भरपूर म्हणून एसटी नको, तर चौकातल्या ट्रॅव्हल्सवाल्याने सांगितले साडेसहा हजार. हा म्हणाला अहो मला फक्त सोडायचंय, परत यायचं नाहीये, अंतर २४० किलोमीटर आणि तुमचा रेट १२ रुपये, मग २,८८० होतात ना? तिकडून उत्तर आलं, साहेब गाडी परत कोण आणणार? मग ह्याने मोबाईलवर बघितलं तर तीच सेडान, तोच रस्ता, ३,९०० सगळं धरून. आता ह्याला वाटायला लागलं की चौकातला माणूस चोर आहे. तर तसं नाहीये, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. मी चारेक वर्षं एका ट्रॅव्हल्समध्ये बुकिंग बघायचो, रोज दिवसाला दोन जणांशी तरी ह्याच विषयावर वाद व्हायचा, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. पहिल्यांदा बाहेरगावची गाडी करणाऱ्यांसाठी आहे हे, जुन्या खेळाडूंनी खाली रिटर्न गाडीचं लिहिलंय तेवढं वाचलं तरी चालेल.

आधी हे डोक्यात घ्या: तुम्ही अंतर विकत घेत नाही, गाडीचा दिवस घेता

शहरातल्या रिक्षाला किंवा टॅक्सीला तुम्ही उतरलात की दोन मिनिटांत दुसरं गिऱ्हाईक मिळतं, म्हणून तिथे फक्त गेल्या अंतराचे पैसे. पुण्याची गाडी कोल्हापुरात राजारामपुरीत तुम्हाला सोडून उभी राहिली की तिला तिथे कोणी ओळखत नाही. तिथल्या लोकांचे ठरलेले गाडीवाले आहेत, तिथल्या ट्रॅव्हल्सवाल्याच्या स्वतःच्या गाड्या आहेत, तो पुण्याच्या गाडीला भाडं कशाला देईल. आणि समजा मिळालंच तर ते आत्ता ह्या मिनिटाला नाही मिळणार, उद्या सकाळी सहाचं मिळेल. म्हणजे ड्रायव्हरने रात्रभर गाडीत झोपायचं, जेवण स्वतःच्या खिशातून, आणि उद्याची पुण्यातली ड्युटी गेली ती वेगळीच.

मग लोक विचारतात स्टँडवरून चार सीट भरून का नाही आणत. आणतात काहीजण, खोटं कशाला बोलू. पण पिवळ्या पाटीच्या टुरिस्ट टॅक्सीला परमिट असतं ते आख्खी गाडी एका पार्टीला देण्याचं, एसटीसारखं वाटेत एकेक सीट उचलत जायचं नाही. आरटीओने पकडलं तर दंड गाडीमालकाला, त्यामुळे बरेच मालक ड्रायव्हरला सरळ नाही म्हणून सांगतात.

म्हणून मग जुना नियम, जो चौकातल्या माणसाने सांगितला: जायचं अंतर अधिक यायचं अंतर, दोन्ही मीटरला. तुम्ही परत येताना गाडीत बसा किंवा नका बसू. ह्यात त्याची लबाडी काही नाही, त्याच्याकडे पाच गाड्या आहेत, कोल्हापुरात त्याचं ऑफिस नाही, परतीचं भाडं शोधायला त्याच्याकडे काही साधनच नाहीये.

आता खरा खर्च मांडू, एकदा मांडला की पुढचं सगळं सोपं

पुणे-कोल्हापूरच धरू, कोथरूडमधून राजारामपुरीपर्यंत २४०, येऊन जाऊन ४८० किलोमीटर. सीएनजीची साधी सेडान. खालचे आकडे मी समजायला सोपे पडावेत म्हणून गोल धरलेत, तुमच्या गावात आणि तुमच्या महिन्यात ते इकडेतिकडे होतील, पण पद्धत हीच.

हायवेला एसी लावून किलोला २४ चा ॲव्हरेज धरला तर २० किलो गॅस लागतो, ९० रुपयांनी १,८०० झाले. टोलनाके ह्या रस्त्यावर चार, खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी. जाताना चारही मिळून साडेतीनशे धरू. येताना गंमत अशी की राष्ट्रीय महामार्गाच्या टोलला २४ तासांच्या आत परत आलात तर येतानाचा टोल निम्मा पडतो, फास्टॅगमधून आपोआप तसाच कापला जातो, म्हणजे येतानाचे १७५ आणि एकूण ५२५. ड्रायव्हरचा दिवसाचा पगार आणि जेवणखाण मिळून ८००. गाडीचा हप्ता, इन्शुरन्स, पासिंग, परमिट, टॅक्स हे गाडी उभी असली तरी चालूच असतं, ते महिन्याचं काढून चालत्या दिवसांवर वाटलं तर दिवसाला पुन्हा साधारण ८००. आणि टायर, ऑइल, सर्व्हिसिंग, क्लच हे किलोमीटरवर झिजतं, दीड रुपया किलोमीटर धरला तर ७०० च्या आसपास.

बेरीज केली तर ४,६२५. म्हणजे गाडी रिकामी परत आली तर हा आकडा मालकाला घरातून गेलेला खर्च आहे, ह्यात त्याची कमाई एक रुपया नाही.

आता राउंड ट्रिपच्या पद्धतीने त्याचं बिल बघा: ४८० गुणिले १२ म्हणजे ५,७६०, ड्रायव्हर भत्ता ३००, टोल ५२५, एकूण ६,५८५. त्यातून ४,६२५ वजा केले तर राहिले १,९६०. बुकिंग दुसऱ्या कोणाकडून आलं असेल तर १५ टक्के कमिशन त्यालाच गेलं, मग हातात हजाराच्या आतच. म्हणून म्हटलं, साडेसहा हजार ऐकून चोर म्हणायची घाई करू नका.

आणि २,८८० मध्ये? खर्चच ४,६२५ चा आहे हो.

मग ३,९०० कुठून आले

इथे खरा वन वे कोट कसा बनतो ते येतं. ज्यांच्याकडे दोन्ही गावांतलं बुकिंग येतं, ते मोठे ॲपवाले असोत की दोन-तीन शहरांतले ट्रॅव्हल्सवाले एकमेकांना ड्युटी देणारे, त्यांना अंदाज असतो की ह्या रस्त्यावर दहा गाड्या गेल्या तर त्यातल्या किती भरून परत येतात. सगळा खेळ ह्या एका आकड्याचा.

समजा पुणे-कोल्हापूरला दहातल्या सहा गाड्यांना परतीचं भाडं मिळतं. दहा गाड्यांचा येऊन जाऊन खर्च ४६,२५० आहे. पैसे देणारी माणसं किती? जाताना दहा, येताना सहा, म्हणजे सोळा फेऱ्या. ४६,२५० भागिले १६, एका फेरीला २,८९०. ह्यात गाडीवाल्याचा नफा आणि परतीच्या भाड्यासाठी तिकडे थांबावं लागतं त्याची भरपाई मिळून ४०० टाका, झाले ३,२९०. आता कमिशन १५ टक्के कापून गाडीवाल्याच्या हातात ३,२९० पडायला हवेत तर गिऱ्हाइकाला सांगायचा आकडा ३,८७० येतो. तोच गोल करून ३,९००.

म्हणजे बघा, वन वेमध्ये रिकाम्या परतीचे पैसे माफ झालेले नाहीयेत. ज्या चार गाड्या रिकाम्या आल्या त्यांचा खर्च सोळा जणांनी वाटून घेतलाय. तुमच्या २४० किलोमीटरला ३,९०० म्हणजे किलोमीटरला सव्वासोळा रुपये पडले, राउंड ट्रिपचा रेट १२ आहे. लोक हेच दोन आकडे शेजारी ठेवून "वन वेचा रेट जास्त लावता" म्हणून भांडायचे माझ्याशी, पण वन वेच्या किलोमीटरमध्ये थोडी परतीची गाडी मिसळलेली असते म्हणून तो रेट कायम वरच दिसणार, तुलना करायची तर एकूण रकमेची करा.

आता हाच हिशोब दुसऱ्या जागी लावू. असं एखादं आडवळणाचं तालुक्याचं गाव घ्या जिथून दहातल्या दोनच गाड्यांना परतीचं मिळतं, अंतर तेवढंच. सोळाच्या जागी बारा फेऱ्या, एकीचे ३,८५४, त्यात ४०० आणि कमिशन धरून कोट जातो ५,००० ला. आणि एकही गाडी भरून येत नसेल तर ५,९०० च्या आसपास. म्हणजे जवळजवळ राउंड ट्रिपच झाली की. म्हणून ॲपवर काही गावांना "वन वे" असं बटण दिसतं पण भाडं बघितलं तर येऊन जाऊनचंच असतं, आणि काही गावांना तर तो पर्यायच येत नाही. गाव मोठं असणं पुरत नाही, तिथून तुमच्या शहराकडे रोज पैसे देऊन येणारी माणसं हवीत.

गोव्याचंही असंच, पण कारण वेगळं. तिथून पुण्या-मुंबईला यायला माणसं आहेत भरपूर, पण स्थानिक टॅक्सीवाल्यांचा बाहेरच्या गाडीने तिथून भाडं उचलायला विरोध असतो, म्हणून इकडचा ड्रायव्हर तिथे सोडून बहुतेक वेळा रिकामाच घाट चढतो. गोव्याचा वन वे महाग वाटला तर त्यात हे धरा.

दिवस आणि दिशा, इथेच सगळे फसतात

परतीचा आकडा रोज सारखा नसतो. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून बाहेर पडणाऱ्या गाड्या भरून जातात आणि येताना रिकाम्या, रविवारी दुपारनंतर बरोबर उलटं. त्यामुळे शुक्रवारी रात्री पुणे-कोल्हापूर महाग आणि कोल्हापूर-पुणे स्वस्त, रविवारी उलट. एकाच रस्त्याचे दोन दिशांना दोन भाव बघून लोकांना वाटतं ॲप गंडलंय, गंडलेलं नाहीये.

ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपला गणपती. चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस मुंबई-पुण्याची सगळी माणसं चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडीकडे निघालेली असतात, आणि त्या दिवसांत तिकडून मुंबईकडे यायला कोणी म्हणजे कोणी नसतं. परतीचा आकडा जवळजवळ शून्य. वर बघितलं तसं शून्यावर हिशोब गेला की वन वे आणि राउंड ट्रिप एकच होतात, त्यात गाड्या कमी पडतात म्हणून वर आणखी चढतं ते वेगळं. गौरी-गणपती विसर्जन झालं की चाक उलटं फिरतं, मग चिपळूणहून मुंबईला येणाऱ्याला तोच भाव पडतो, आणि मुंबईहून चिपळूणला जाणारा स्वस्तात सुटतो. दिवाळीला पुण्याहून नांदेड, लातूर, अमरावती बाजूला हेच. तुमचं जाणं गर्दीच्या दिशेने आहे की उलट, हे एवढंच स्वतःला विचारलं तरी कोट यायच्या आधी अंदाज येतो.

एक दिवस मागेपुढे करता येत असेल तर तेवढ्यानेही फरक पडतो, आमच्याकडे एक काका दरवर्षी गणपतीला चार दिवस आधी जायचे, म्हणायचे मला मखर करायचंय, मला वाटायचं खरंच मखरासाठी जातात.

कोट मागायचा कसा

पहिलं म्हणजे फोनवर "कोल्हापूर किती घेणार" असं विचारू नका. असं विचारलं की समोरचा सगळ्यात कमी दिसणारा आकडा सांगतो, "बारा रुपये किलोमीटर साहेब", आणि बाकीचं बिलात येतं. सांगायचं असं: अमुक तारखेला, अमुक वाजता, कोथरूडमधून उचलायचं, राजारामपुरीत सोडायचं, दोन माणसं तीन बॅगा, फक्त ड्रॉप, टोल भत्ता जीएसटी सगळं धरून एकूण किती. आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागायचं. लिहून दिलं नाही तर तो कोट नाही, गप्पा आहेत.

लिहून आलं की त्यात एवढं शोधा. टोल धरलाय का, आणि धरला नसेल तर जातानाचाच की परतीचाही. वन वेमध्ये परतीचा टोल गिऱ्हाइकाकडून घेतात ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि ठरवताना बोललं नसेल तर ड्रायव्हर आणि तुम्ही दोघंही रस्त्यात तोंड वाकडं करून बसता. मग किलोमीटर किती धरलेत. वन वेला बहुतेक "२४० किलोमीटरपर्यंत, पुढे जादा किलोमीटरला अमुक रुपये" असं असतं. वाटेत साताऱ्यात आत्याकडे चहाला जायचं असेल तर ते आधीच सांगा, कारण वन वेमध्ये वाटेतला थांबा आणि वळसा धरलेला नसतो, अर्धा तास जेवायला थांबणं वेगळं आणि गावात आत शिरून येणं वेगळं. रात्रीचा जादा भत्ता किती वाजल्यापासून, तेही विचारून ठेवा, निघायला उशीर तुमच्यामुळे झाला तर तो लागतोच.

राउंड ट्रिप करत असाल तर अजून दोन खाचाखोचा आहेत, ह्या मात्र नीट समजून घ्या.

एक, मिनिमम किलोमीटर. बहुतेकजण दिवसाला ३०० किलोमीटर मिनिमम लावतात, काहीजण २५०. तुम्ही महाबळेश्वरला जाऊन आलात, पुण्याहून १२० किलोमीटर, येऊन जाऊन २४० झालं, तरी बिल ३०० चं होणार, कारण गाडीचा दिवस तुम्ही अडवला. दोन दिवस राहिलात तर ६०० चं. आणि दिवस कसा मोजतात? २४ तासांनी नाही हो, तारखेने. शुक्रवारी रात्री दहाला निघालात आणि रविवारी दुपारी परत आलात तर तुमच्या डोक्यात दीड दिवस असतो, त्याच्या कागदावर तीन तारखा असतात, म्हणजे ९०० किलोमीटर मिनिमम. हे एवढं एक माहीत नसल्यामुळे लोकांचे हजारो रुपये गेलेले मी बघितलेत. शुक्रवारी रात्री दहाऐवजी शनिवारी पहाटे चारला निघा, एक तारीख वाचली.

दुसरं, गॅरेज टू गॅरेज. मीटर तुमच्या दारात सुरू होत नाही, गाडी जिथे उभी राहते तिथून सुरू होतो आणि तिथेच संपतो. गाडी हडपसरला आणि तुम्ही कोथरूडला असाल तर दोन्हीकडचे मिळून तीसेक किलोमीटर तुमच्या बिलात, १२ च्या रेटने ३६० रुपये. चूक नाही त्यात, पण गाडी कुठून येणार हे विचारून जवळची मागितली तर देतात. निघताना आणि परत आल्यावर मीटरचा फोटो काढून ठेवा, ड्युटी स्लिपवर सही करताना आकडे भरलेले आहेत ना बघा, कोऱ्या स्लिपवर सही नको.

राउंड ट्रिप करू की दोन वेळा वन वे

हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो, उत्तर तुम्ही तिकडे किती तारखा राहणार त्यावर आहे. वरचेच आकडे लावू. सकाळी कोल्हापूरला जाऊन अंबाबाईचं दर्शन घेऊन रात्री परत, राउंड ट्रिप ६,५८५, दोन वन वे ७,८००. राउंड ट्रिप सरळ बरी, वर गाडी दिवसभर तुमच्याजवळ, पन्हाळ्याला जाऊन आलात तर फक्त तेवढे किलोमीटर वाढतील.

एक रात्र राहिलात तर दोन तारखा, मिनिमम ६०० गुणिले १२ म्हणजे ७,२००, भत्ता दोन दिवसांचा ६००, टोल २४ तास उलटले तर दोन्हीकडचा पूर्ण ७००, एकूण ८,५००. दोन वन वे ७,८००. इथे फरक थोडा आहे, तिकडे फिरायला गाडी लागणार असेल तर मी राउंड ट्रिपच घेईन, कारण तिकडे रिक्षा-टॅक्सीत सातशे रुपये सहज जातात. दोन रात्री राहिलात की तीन तारखा, १०,८०० अधिक ९०० अधिक ७००, झाले १२,४००. इथून पुढे दोन वन वेच. लग्नाला चार दिवस राहायचं आणि गाडी हॉलबाहेर उभी करून ठेवायची, ड्रायव्हर बिचारा मंडपात जेवून झोपा काढतोय, त्याला काही अर्थ नाही.

मात्र जिथे परतीचा आकडा शून्याजवळ आहे तिथे दोन वन वे म्हणजे ५,९०० दुप्पट, ११,८००. तिथे तीन तारखांपर्यंतसुद्धा राउंड ट्रिपशी जवळपास बरोबरी होते. म्हणून नियम पाठ करू नका, दोन्ही कोट मागून बेरीज करा, दहा मिनिटांचं काम आहे.

फारच स्वस्त कोट आला तर

आमच्या मावशीला एकाने ह्याच रस्त्याला २,६०० सांगितले होते. सगळ्यांनी तिला शहाणी म्हटलं. गाडी आली दीड तास उशिरा, बुकिंगला दिलेला नंबर वेगळा आणि आलेली गाडी वेगळी, आणि साताऱ्याच्या पुढे चहाला थांबल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "काकू, परतीचं भाडं नाही मिळालं हो अजून, हजार रुपये वर द्यावे लागतील, नाहीतर मला परवडत नाही." भर उन्हात हायवेला उभी राहून मावशी काय करणार, दिले.

ड्रायव्हरही पूर्ण खोटं बोलत नव्हता, वरचा हिशोब बघा, २,६०० मध्ये गॅस आणि टोलच दोन्हीकडचा २,३२५ जातो. मधल्या माणसाने कमी भाव सांगून बुकिंग घेतलं, स्वतःचं कमिशन आधीच ॲडव्हान्समधून काढून घेतलं, आणि परतीची जोखीम ड्रायव्हरच्या गळ्यात टाकली. ड्रायव्हरने ती मावशीच्या गळ्यात टाकली. म्हणून एक ताळा करायची सवय लावा: दोन्हीकडचा गॅस आणि टोल काढा, आणि कोट त्याच्या जवळपास असेल तर समजा की पैसे कुठेतरी वाटेत मागितले जाणार आहेत, किंवा आयत्या वेळी "गाडी बिघडली" असा फोन येणार आहे. ॲडव्हान्स मोठा मागत असतील तर आणखीच सावध. आदल्या रात्री ड्रायव्हरचा नंबर आणि गाडी नंबर आलाच पाहिजे, आला की ड्रायव्हरला स्वतः फोन करून विचारा, "दादा, उद्याचं किती ठरलंय, टोल कोणाकडे?" त्याने तुमच्यापेक्षा वेगळा आकडा सांगितला तर भांडण आजच मिटवा, घरात बसून.

रिटर्न गाडी, खरा स्वस्त माल

आता उलट बाजूने बघा. कोल्हापुरात एका पुण्याच्या ड्रायव्हरने कोणाला तरी येऊन जाऊनच्या पैशात सोडलंय, त्याचा परतीचा खर्च आधीच वसूल झालेला आहे. तो तसाही पुण्याला येणारच. त्याला तुमच्याकडून मिळेल तो प्रत्येक रुपया वरकमाई, म्हणून तो दोन-अडीच हजारालासुद्धा आनंदाने घेऊन येतो, आणि ते २,६०० सारखं फसवं नसतं कारण मागचे पैसे त्याला मिळालेत.

ह्या गाड्या मिळतात कशा? ड्रायव्हर आणि ट्रॅव्हल्सवाल्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात, त्यात दिवसभर "कोल्हापूर टू पुणे, डिझायर, उद्या सकाळी खाली" असे मेसेज पडत असतात. तुम्ही त्या ग्रुपमध्ये नसता, पण तुमच्या ओळखीचा ट्रॅव्हल्सवाला असतो. त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, "रिटर्न गाडी असेल तर बघा, वेळ पुढेमागे चालेल." हे शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे. वेळ त्याची, गाडी मिळेल ती, घरी दारापर्यंत येईलच असं नाही, कदाचित तावडे हॉटेलपाशी हायवेला येऊन उभं राहावं लागेल. सकाळी नऊलाच निघायचं आणि एर्टिगाच हवी असं असेल तर रिटर्न गाडीच्या नादाला लागू नका, साधा वन वे करा.

आणि ही गाडी रद्द होऊ शकते. ड्रायव्हरला रात्री मुंबईचं पूर्ण भाडं मिळालं तर तो तुमचे दोन हजार सोडून तिकडे जाणार, तुम्ही त्याच्या जागी असता तर तेच केलं असतं. म्हणून विमान पकडायचंय, परीक्षा आहे, दवाखान्याची वेळ आहे, तेव्हा हा उद्योग नको. बाकी वेळी गाडीच्या पाटीचा फोटो आधी मागवून घ्या, पिवळ्यावर काळी अक्षरं हवीत, इलेक्ट्रिक असेल तर हिरव्यावर पिवळी. पांढरी पाटी दिसली तर ती खाजगी गाडी आहे, भाड्याने चालवायचं परमिट तिला नाही, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले आधी तेच बघतात, कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

मावसभावाने शेवटी ३,९०० चीच केली. परत येताना मीच त्याला एका ओळखीच्या ड्रायव्हरचा नंबर दिला, २,२०० मध्ये आला, पण पहाटे साडेपाचला किणी नाक्यावर गाडीत झोपेत होता, त्याबद्दल मला अजून ऐकवतो.